प्रकरणवार पीपीटी की आलेखापासून उलटी?

एम.टेक.च्या थिसिसची पीपीटी मी दोनदा केली. मॉकसाठी प्रकरणांच्या क्रमानेच गेलो आणि प्रत्येकातलं थोडं थोडं छाटलं. डिफेन्सच्या वेळी आधी निकालांचे आलेख निवडले आणि त्यांना लागेल तेवढंच मागच्या प्रकरणांतून उचललं. विषय होता ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाने पाण्यातलं फ्लोराइड काढणं, आणि वेळ वीस मिनिटं.

पहिली पद्धत सोपी, हे मान्य. काही सुटत नाही आणि गाईडही खूश असतात. पण मॉकमध्ये ३८ स्लाइड झाल्या आणि आयसोथर्मपर्यंत पोचलो तेव्हा चौदा मिनिटं संपली होती.

तेही चाललं असतं. खरा वैताग वेगळाच होता. पीएचचा आलेख २७व्या स्लाइडवर. सरांनी विचारलं, "यात सुरुवातीचं फ्लोराइड किती, डोस किती?" ते प्रकरण तीनमध्ये, म्हणजे १३व्या स्लाइडवर. मागे गेलो, सांगितलं, परत आलो. पुढच्या आलेखाला पुन्हा तेच. थिसिस वाचणारा पान उलटून बघू शकतो, समोर बसलेला नाही. पद्धत आणि निकाल वेगळ्या प्रकरणांत असणं थिसिसमध्ये योग्यच, पण पडद्यावर ते मला फारच महागात पडलं.

म्हणून दुसऱ्यांदा अकरा आलेखांतले तीनच ठेवले: पीएच, संपर्कवेळ, आयसोथर्म. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याच प्रयोगाची स्थिती लिहिली: सुरुवातीचं फ्लोराइड ५ मिलिग्रॅम प्रति लिटर, डोस अमुक. त्यासरशी प्रकरण तीन जवळजवळ गळालंच. बॅच प्रयोगाची एक आकृती उरली. साहित्य आढाव्याची चोवीस पानं एका तक्त्यात आली: आधीची चार कामं आणि एक रिकामा रकाना, जो माझं काम भरतं. प्रस्तावनेतून पिण्याच्या पाण्याची १.५ मिलिग्रॅम प्रति लिटरची मर्यादा घेतली, कारण आलेखावर तीच आडवी रेघ होती. आर-स्क्वेअरचे तक्ते काढले. आयसोथर्मला लँगम्युअर मॉडेल जास्त चांगलं बसतं, एवढं तोंडी पुरलं. शेवटच्या प्रकरणातला 'भविष्यातील वाव' एका ओळीत आटोपला. एकूण १७ स्लाइड.

तुमच्या विभागाने साचा ठरवून दिला असेल, किंवा प्रयोगाची पद्धतच तुमचं नवं काम असेल, तर प्रकरणवार जाणंच बरं. नाहीतर, माझ्या अनुभवापुरतं सांगतो, आलेखापासून सुरू करा. एक अडचण मात्र येते: छाटताना हात थरथरतो, कारण प्रश्न नेमका काढलेल्यावरच येईल असं वाटतं.

त्यावर उपाय म्हणजे 'धन्यवाद'च्या मागे बॅकअप स्लाइड ठेवायच्या आणि त्यांचे क्रमांक कागदावर लिहून घ्यायचे. एक्स्टर्नलनी फ्लोराइड इलेक्ट्रोडच्या कॅलिब्रेशनचा स्लोप विचारला. मी २१ टाइप करून एंटर दाबलं. ५७ मिलिव्होल्ट. ते "ठीक" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.