पाथर्डी फाट्यावरचं फरसाणाचं दुकान विकताना जे घडलं ते

दुकान भाड्याचं, पण धंदा चालू. महिन्याला चार लाखांची विक्री. मी सांगितलं, नफा 80 हजार.

घेणारा हुशार होता, हे आधी कबूल करतो. त्याने बँकेचं स्टेटमेंट आणि जीएसटीचे रिटर्न शेजारी ठेवले. मग बेसनाची खरेदी बिलं मागितली. एवढ्या पोत्यांतून एवढंच फरसाण निघतं, मग विक्री कागदावर फुगवलेली आहे की खरी, हे तिथेच कळतं. हिशेब जुळला. मग म्हणाला, "काका, तुम्ही आणि काकू दिवसभर राबता. मला त्या जागी दोन माणसं ठेवावी लागतील." त्याचे 30 हजार वजा, भट्टी आणि मशिनच्या दुरुस्तीचे पाच वजा. उरले 45 हजार. त्याचे वीस महिने धरून नऊ लाख. भट्टी, मशिन, काउंटर त्यातच. माल वेगळा, ताबा देण्याच्या दिवशी मोजून, खरेदीच्या भावाने. जुन्या पाकिटांचे शून्य. किती महिने धरायचे यावर घासाघीस होते, पण रीत हीच, आणि ती योग्यच होती.

सहा लाख आणि मालाचे पैसे बँकेतून आले. तीन लाखांचे पुढच्या तारखांचे चेक. "माझा जीएसटी नंबर येईपर्यंत तुमचाच चालू राहू द्या," एवढंच त्याचं मागणं.

त्या नंबरावर, माझ्या दुकानाच्या नावाने, त्याने रविवार कारंजावरच्या व्यापाऱ्यांकडून तेलाचे डबे आणि बेसन उधारीवर उचललं. व्यापारी मला ओळखत होते, म्हणून कुणी विचारलं नाही. माल परस्पर विकला गेला, शटर बंद झालं, चेक ‘खातं बंद’ शेऱ्याने परत आले. बिलांवर नाव माझं, रिटर्न थकले तेही माझे.

प्रोप्रायटरचा जीएसटी नंबर त्याच्या पॅनला बांधलेला असतो, दुकानासोबत विकता येत नाही. घेणाऱ्याने आपला नंबर आधी काढायचा. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट त्याच्याकडे वळवायचा आयटीसी-02 फॉर्म त्या नंबराशिवाय भरताच येत नाही. म्हणून नंबर हातात पडेपर्यंत चावी देऊ नका. ताबा दिला की 30 दिवसांच्या आत आपला नंबर रद्द करायचा अर्ज, नंतर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न. फूड लायसन्स त्याचं नवं. काउंटरवरचा क्यूआर त्याच दिवशी काढा.

आणि प्रत्येक व्यापाऱ्याला पत्र: अमुक तारखेपर्यंतची बाकी माझी, इतकी, ती चुकती केली, पुढची उधारी नव्या मालकाची. पोच सही घ्या.

चेकचं प्रकरण वकिलाकडे आहे. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस जावी लागते, ती गेली. तेलवाल्या शेठशी मात्र बोलणी अजून चालूच आहेत.