तंबाखूची विक्री टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करावी का? मत देण्यापूर्वी दोन्ही बाजू

अध्यक्ष महोदय, ठरावाला पाठिंबा द्यावा की विरोध करावा, हे ज्यांचे अजून ठरलेले नाही त्यांच्यासाठी मी बोलतो आहे. तंबाखू घातक आहे, हे येथे कोणाला पटवून द्यायचे नाही. प्रश्न फक्त विक्रीचा आहे. मी स्वतः अनेक वर्षे ठरावाच्या विरोधात होतो आणि त्या बाजूचे बळ मला आजही मान्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

विरोधकांच्या हाती प्रत्यक्ष अनुभवाचा पुरावा आहे. भूतानने २००४ मध्ये विक्रीवर बंदी घातली, पुढे २०१० च्या कायद्याने तुरुंगवासाचीही तरतूद केली, तरीही सीमेपलीकडून चोरटा माल येतच राहिला आणि अखेर करोनाच्या काळात तस्करांच्या वाटेने संसर्गही येईल, या धास्तीने ही बंदी मागे घ्यावी लागली. दक्षिण आफ्रिकेत २०२० साली मार्चअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत विक्री बंद होती. त्या काळात ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना सिगारेट मिळतच होती, फक्त ती कितीतरी महाग आणि बिनाकराची होती. याच्या जोडीला कर वाढवणे आणि व्यसन सोडू पाहणाऱ्यांना मदत करणे हे सिद्ध झालेले मार्ग हाताशी आहेत, मग प्रौढ माणसाच्या निवडीत सरकारने हात का घालावा, असा प्रश्न विरोधक विचारतात आणि तो रास्त आहे. महसूल बुडण्याचा मुद्दा मला तितकासा वजनदार वाटत नाही, कारण टप्प्याटप्प्याच्या बंदीत तो एका दिवसात बुडत नाही.

ठरावाची बाजू नीट समजून घ्यायची, तर ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दावर थांबावे लागते. भूतान आणि दक्षिण आफ्रिका येथे आधीच व्यसन जडलेल्या माणसाचा माल एकाएकी तोडला गेला, आणि तस्कराला आयते गिऱ्हाईक मिळाले. जन्मवर्षाची अट वेगळ्या रीतीने चालते. न्यूझीलंडने २०२२ मध्ये असा कायदा केला होता: १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीच विकायची नाही. सरकार बदलल्यावर, अंमल सुरू होण्याआधीच, तो २०२४ मध्ये रद्द झाला, त्यामुळे त्याचा निकाल आपल्यासमोर नाही. मालदीवने मात्र नोव्हेंबर २०२५ पासून २००७ च्या जानेवारीपासून जन्मलेल्यांसाठी अशीच अट लागू केली आहे. आज ओढणाऱ्याचे पाकीट येथे कोणी काढून घेत नाही.

माझे मत फिरले ते मात्र अठरा वर्षांच्या अटीमुळे. मी सोळा वर्षांचा असताना ती अट होतीच, पण मला तिची अडचण कधीही जाणवली नाही, कारण आमच्याच घोळक्यातला एक मुलगा नुकताच अठरा पूर्ण करून बसला होता. तो आत जाई, मी बाहेर थांबे, आणि दोन मिनिटांत पाकीट माझ्या हातात येई. तो पुढे शिकायला निघून गेला, तोवर दुसरा कोणी अठरा वर्षांचा झालेला असे. ठरलेल्या वयाच्या अटीतील दोष हाच आहे की सोळा वर्षांच्या मुलाला माल आणून देणारा दरवर्षी नव्याने त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो.

जन्मवर्षाच्या अटीत हे अंतर वाढत जाते. न्यूझीलंडचीच रेघ धरून हिशेब करू. २०१५ मध्ये जन्मलेला मुलगा २०३१ साली सोळा वर्षांचा होईल, तेव्हा कायद्याने विकत घेऊ शकणारा सर्वांत तरुण माणूस बावीस-तेवीस वर्षांचा असेल. २०२० मध्ये जन्मलेल्यासाठी तोच माणूस सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. इतक्या मोठ्या माणसाने शाळकरी मुलाला पाकीट आणून द्यावे, हे अशक्य नाही, पण माझ्या घोळक्यात तरी असा माणूस नव्हता. निवडीच्या स्वातंत्र्याविषयी बोलताना मला तो उंबरठा आठवतो: मी निवडले ते सोळाव्या वर्षी, आणि तीस ओलांडल्यावर चार वेळा सोडायचे ठरवले, तेव्हा तीन वेळा निकोटीनने मला परत फिरवले.

तरीही एक अडचण मी झाकणार नाही. कालांतराने एका चाळिशीच्या माणसाला पाकीट मिळेल आणि त्याच्याहून एका दिवसाने लहान असलेल्याला मिळणार नाही. हे विषम आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. तस्करी वाढते आहे का, यावरही लक्ष ठेवावे लागेल. त्यासाठी रस्त्यात टाकलेली रिकामी पाकिटे ठरावीक काळाने गोळा करून, किती पाकिटांवर कराचा शिक्का नाही हे मोजतात. तो आकडा चढू लागला, तर विरोधकांचे म्हणणे खरे ठरते आहे असे समजावे.

म्हणून माझा कल ठरावाकडे आहे, पण एका अटीसह: शिक्षा विकणाऱ्याला असावी, बाळगणाऱ्याला किंवा ओढणाऱ्याला नसावी. भूतानमध्ये थोडीशी तंबाखू बाळगल्याबद्दलही माणसे तुरुंगात गेली, आणि तसे कलम या ठरावात आले, तर मी विरोधात मत देईन.