अरुंद गॅरेजसाठी कोणता सेन्सर?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराचं गॅरेज आतून ४४० सेंमी लांब आहे आणि गाडी ३९९. समोरच्या भिंतीपासून २० सेंमीवर थांबलो, तर मागे शटरला २१ उरतात. म्हणून समोरच्या भिंतीवर प्रतिध्वनीने गाडीचं अंतर मोजणारा सेन्सर आणि त्याला जोडलेले दिवे: हिरवा १०० सेंमीपर्यंत, मग पिवळा आणि २५ ला लाल.

आधी पाणीरोधक JSN-SR04T लावला. धूळ-ओल सोसतो, पण साधारण २०-२५ सेंमीच्या आत त्याला नीट मोजता येत नाही. नेमकं थांबायच्या जागीच आकडे उड्या मारायचे आणि लाल दिवा लुकलुकायचा. शिवाय त्याचा झोत रुंद, त्यामुळे बाजूच्या भिंतीचाही प्रतिध्वनी येई.

उघडा HC-SR04 २ सेंमीपासून मोजतो आणि झोतही अरुंद आहे. तो नंबरप्लेटच्या उंचीवर, सरळ समोर रोखून बसवला. तिरक्या बॉनेटवरून ध्वनी वर निसटतो. धूळ मात्र महिन्याला कोरड्या ब्रशने झाडावी लागते.

उन्हाळ्यात हवेतून ध्वनी जरा वेगाने जातो. ४२ अंशांना २५ सेंमीचं माप सुमारे १ सेंमी कमी दिसतं, एवढं चालतं. बंद गॅरेजला मी HC-SR04 च निवडेन. पावसाचं पाणी थेट येणाऱ्या, लांब जागेत JSN-SR04T.