फोन बदललाय, आता ड्राइव्हमधला व्हॉट्सॲपचा बॅकअप उडवू की ठेवू?

मावशीने नवीन अँड्रॉइड फोन घेतला, नंबर तोच, जीमेलही तेच, व्हॉट्सॲप टाकताना रिस्टोर दाबलं आणि सगळे चॅट आले. आठवडाभराने तिला मेल यायचे बंद झाले कारण गूगलची फुकटची 15 जीबी भरली होती, आणि उघडून बघितलं तर त्यातले 6.8 जीबी एकट्या व्हॉट्सॲपच्या बॅकअपचे. तिचं म्हणणं सरळ होतं, "मेसेज तर आले ना नव्या फोनवर, मग तो जुना उडव की." मी म्हटलं उडवू, पण आज नको. का नको आणि मग शेवटी काय केलं ते सविस्तर लिहितोय, कारण ओळखीत बरेच जण हाच प्रश्न घेऊन बसलेत.

आधी भीती घालवू. ड्राइव्हमधला बॅकअप डिलीट केला म्हणून फोनमधले मेसेज जात नाहीत. तुम्ही रोज जे चॅट वाचता ते फोनच्या आतल्या डेटाबेसमधून येतात, ड्राइव्हवर पडलेली असते ती फक्त त्याची कॉपी, आणि व्हॉट्सॲप ती कॉपी वाचतं ते रिस्टोर करतानाच, एरवी तिच्याकडे बघतही नाही. मग मावशीला थांबवलं कशाला? कारण रिस्टोर तिला वाटत होतं तसं संपलेलंच नव्हतं.

रिस्टोरमध्ये आधी मेसेज म्हणजे मजकूर येतो, तो काही मिनिटांत होतो, व्हॉट्सॲप उघडतं आणि आपल्याला वाटतं झालं. पण फोटो, व्हिडिओ, व्हॉइस नोट हे नंतर मागे मागे ड्राइव्हवरून उतरत राहतात. वायफाय नसेल किंवा फोनमध्ये जागा नसेल तर ते मध्येच थांबून राहतं, कधीकधी कित्येक दिवस. अशा वेळी बॅकअप उडवला तर जे फोटो अजून उतरले नाहीत ते गेलेच, चॅटमध्ये नुसता धूसर चौकोन उरणार, आणि ड्राइव्हचा हा बॅकअप ट्रॅशमध्येही जात नाही की तिथून परत आणू. मावशीचं नेमकं हेच झालं होतं, ती मोबाइल डेटावर होती आणि निम्म्याहून जास्त फोटो वायफायची वाट बघत अडकलेले.

हे ओळखायचं कसं? व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Chats, मग Chat backup उघडा, रिस्टोर चालू किंवा थांबलेलं असेल तर तिथे दिसतं, वरच्या नोटिफिकेशनमध्येही दिसतं. पण मला जास्त भरवसा आहे तो एका साध्या टेस्टवर: फोन एअरप्लेन मोडला टाका, वायफायही बंद, आणि मग दोन-तीन वर्षं जुन्या, फोटोंनी भरलेल्या चार-पाच चॅटमध्ये जाऊन फोटो उघडा, व्हिडिओ चालवा, व्हॉइस नोट ऐका. नेट नसताना उघडलं म्हणजे ते फोनमध्येच आहे. धूसर दिसलं आणि वर डाउनलोडचा बाण आला तर नाहीये. एवढ्यात लगेच घाबरू नका, काही फोटो जुन्या फोनवरही कधी डाउनलोड केलेले नसतात, तेही असेच दिसतात. म्हणून जे फोटो तुम्ही नक्की बघितलेले आठवतात तेच तपासा.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोक म्हणतात "जुन्या फोनचा बॅकअप", पण नंबर तोच आणि गूगल अकाउंटही तेच असेल तर जुन्या फोनचा वेगळा आणि नव्याचा वेगळा असे दोन बॅकअप नसतातच. एक नंबर आणि एक अकाउंट मिळून एकच बॅकअप, नव्या फोनने पहिला बॅकअप घेतला की तो जुन्याच्या जागी बसतो. म्हणजे तुम्ही जो "जुना" समजून उडवायला निघालात तो कदाचित काल रात्री नव्या फोनने घेतलेला, तुमचा एकमेव क्लाउड बॅकअप असेल. तारीख बघा म्हणजे कळेल. (याचीच उलटी बाजू: नव्या फोनवर ज्यांनी रिस्टोर स्किप केलं आणि मग बॅकअप घेतला त्यांचा जुना बॅकअप त्याच क्षणी रिकाम्याने झाकला गेला, ड्राइव्हवरून तो आता परत येत नाही.)

अकाउंट वेगळं असेल तर गोष्टच वेगळी. समजा जुन्या फोनवर एक जीमेल होतं आणि नव्यावर चॅट उतरवल्यावर बॅकअपसाठी तुम्ही दुसरं लावलं, तर पहिल्या अकाउंटमध्ये जो पडलाय तो खरोखरचा जुना, आता त्यात कोणी भर घालत नाही. पाच महिन्यांहून जास्त काळ अपडेट न झालेला बॅकअप गूगल आपणहूनही काढू शकतं, तेव्हा त्याला कायमचा साठा समजू नका. एअरप्लेन टेस्ट पास झाली आणि नव्या अकाउंटमध्ये एक ताजा बॅकअप पूर्ण झाला की हा जुना बिनधास्त उडवा. यात मला दुसरं मत दिसतच नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलेल्यांचंही जवळपास तेच, ड्राइव्हमधला व्हॉट्सॲप बॅकअप आयफोनवर रिस्टोर होत नाही, तिथे बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो आणि तिथे फुकट जागा 5 जीबीच. ड्राइव्हची कॉपी तुम्हाला फक्त परत अँड्रॉइडवर आलात तरच उपयोगी, तेही त्या जुन्या तारखेपर्यंतचीच.

राहिले मावशीसारखे, सगळं तेच असलेले. त्यांच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला, आहे तसं ठेवायचं. जागा अडत नसेल तर हाच बरा, काही करूच नका. पूर्वी अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या जागेत मोजत नव्हते, 2024 पासून हळूहळू सगळ्यांचा मोजायला लागले, म्हणून हा सगळा प्रश्न आलाय. पण 15 जीबी भरल्यावर "आहे तसं" याला अर्थ उरत नाही, कारण मेल तर अडतातच, शिवाय नवा बॅकअपही जागेअभावी होत नाही, आणि तुम्ही समजता बॅकअप आहे तर तो महिन्यापूर्वीचा निघतो.

दुसरा, जुना उडवून हलका नवा घ्यायचा. Chat backup मध्ये व्हिडिओ घ्यायचे की नाही याचं बटण आहे, ते बंद करून नवा बॅकअप घेतला की बहुतेकांचा आकार एकदम खाली येतो, कारण जागा खातात ते व्हिडिओच, मजकूर अगदीच थोडी जागा घेतो. यात तोटा एवढाच की उद्या फोन हरवला तर व्हिडिओ परत मिळणार नाहीत, म्हणून जे व्हिडिओ खरंच हवेत ते आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवायचे. आणि डिलीट ते नवा बॅकअप पूर्ण होणं या मधल्या वेळात क्लाउडवर तुमचं काहीच नसतं, त्यामुळे हे घरी वायफायवर, फोन चार्जिंगला लावून एका बैठकीत करायचं.

तिसरा, उडवायचा आणि क्लाउड बॅकअप बंदच करायचा. जागा पूर्ण मोकळी, पण मग जबाबदारी तुमची. फोनमध्ये व्हॉट्सॲप रोज रात्री लोकल बॅकअप करतं, तो या फोल्डरमध्ये असतो:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

पण तो फोनमध्येच असतो, फोन गेला की तोही गेला. त्यामुळे महिन्यातून एकदा केबल लावून अख्खा com.whatsapp फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करायची सवय असेल तरच हा रस्ता घ्या. फोटो Media नावाच्या फोल्डरमध्ये असतात, नुसतं Databases उचललंत तर पुढे मजकूर येईल आणि फोटो येणार नाहीत. पुढच्या वेळी जुना फोन हातात असताना फोन बदलणार असाल तर Chats मधलं Transfer chats वापरा, क्यूआर कोड स्कॅन करून थेट फोन ते फोन जातं, क्लाउड लागतच नाही. पण फोन हरवल्यावर त्याचा काही उपयोग नाही, हेही लक्षात असू द्या.

माझं मत विचाराल तर जागा भरलेल्या नव्वद टक्के लोकांनी दुसराच घ्यावा. तिसरा ज्यांना कॉम्प्युटरवर कॉपी ठेवायला आवडतं त्यांच्यासाठी, आणि "करेन नंतर" म्हणणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

उडवायचं कसं: ड्राइव्हचं ॲप उघडा, वर योग्य अकाउंट आहे ना ते बघा, डावीकडच्या तीन रेघा, Backups. इथे दोन प्रकारच्या गोष्टी दिसतात. एक व्हॉट्सॲपचा बॅकअप, आणि दुसरा फोनच्या मॉडेलच्या नावाचा, त्यात एसएमएस, कॉल लॉग, सेटिंग वगैरे असतं. व्हॉट्सॲपच्या समोरचे तीन ठिपके, Delete backup. दुसऱ्याला उगाच हात लावू नका, जागा अडवणारा तो सहसा नसतो. डिलीट केल्यावर जागेचा आकडा लगेच उतरला नाही तर परत परत काही दाबत बसू नका, थोडा वेळ द्या.

आणि कुठे जायचं नाही तेही सांगतो, कारण घाईत लोक चुकतात. बॅकअप काढायला फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपचं Clear data दाबायचं नाही, त्याने फोनमधले चॅटच पुसले जातात. व्हॉट्सॲपमधलं Clear all chats ही त्यातलंच. आणि Delete account तर अजिबात नाही, ते अकाउंट, ग्रुप, फोनमधले मेसेज आणि ड्राइव्हचा बॅकअप सगळं एकदम घेऊन जातं.

अजून एक, डिलीट केलंत पण ऑटोमॅटिक बॅकअप डेली वर तसाच राहिला तर उद्या सकाळी तो तेवढाच्या तेवढा परत हजर. म्हणजे आधी Chat backup मध्ये काय ठेवायचं ते ठरवा, व्हिडिओचं बटण बंद करा किंवा वारंवारिता बदला, आणि मगच ड्राइव्हमध्ये जा. हा क्रम उलटा केला की लोक म्हणतात "डिलीट होतच नाही".

मावशीचं असं केलं. पहिल्या दिवशी फोन वायफायवर चार्जिंगला लावून ठेवला, फोनमध्ये जागा होती त्यामुळे रात्रभरात उरलेले फोटो उतरले. सकाळी एअरप्लेन टेस्ट, भाचीच्या बारशाचे फोटो आणि आजोबांच्या दोन व्हॉइस नोट उघडल्या, तिला खरं तर तेवढंच हवं होतं. मग तिचे ठेवायचे तीसेक व्हिडिओ लॅपटॉपवर घेतले, व्हिडिओचं बटण बंद केलं, ड्राइव्हमधला बॅकअप उडवला, आणि तिथेच बसून Back up दाबलं. नवा बॅकअप 1.9 जीबीचा झाला, आणि मेल यायला लागले. आता तिचा बॅकअप आठवड्यातून एकदा होतो.