6004, 6204 की 6304? नंबर वाचून बोअर, ओडी, जाडी कशी काढायची आणि तिन्हीतलं कुठलं घ्यायचं

शाफ्ट २० एमएमचा आहे आणि बॉल बेअरिंग घ्यायचंय, तर दुकानात 6004, 6204 आणि 6304 हे तिन्ही सहज मिळतात आणि तिन्ही त्या शाफ्टवर बसतात, मग नेमकं कुठलं घ्यायचं हा प्रश्न पडतोच. उत्तर नंबरातच आहे, फक्त तो डावीकडून नाही तर उजवीकडून वाचायचा.

शेवटचे दोन आकडे म्हणजे बोअर, म्हणजे आतलं भोक. त्याला ५ ने गुणा, झाला एमएम. 04 म्हणजे २०, 05 म्हणजे २५, 12 म्हणजे ६०. हा गुणाकार 04 पासून 96 पर्यंत चालतो. त्याच्या खालचे चार मात्र पाठच करायचे, 00 म्हणजे १०, 01 म्हणजे १२, 02 म्हणजे १५ आणि 03 म्हणजे १७. नंबर तीनच आकडी असेल, जसं 608 किंवा 625, तर शेवटचा एकच आकडा थेट एमएममध्ये घ्यायचा, म्हणजे 608 चा बोअर ८ आणि 625 चा ५. फोनवर ऑर्डर देताना इथे घोळ होतो, कारण 608 आणि 6008 ऐकायला जवळजवळ सारखे आणि 6008 चा बोअर तर ४० असतो. आणि मध्ये तिरकी रेघ दिसली, उदाहरणार्थ 62/22, तर रेघेनंतरचा आकडा गुणाकार न करता तसाच एमएम, म्हणजे २२.

आता डावीकडचा 6. तो सांगतो की हे नेहमीचं डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग आहे. मधे उरला तो सिरीजचा आकडा, 0, 2, 3 किंवा 4, आणि बाहेरचा व्यास म्हणजे ओडी आणि जाडी त्यावर ठरते. बोअर तोच ठेवून हा आकडा वाढत गेला की बेअरिंग बाहेरून मोठं आणि जाड होत जातं. पण बोअरसारखा इथे गुणाकार नाही हे नीट लक्षात घ्या, 6204 चा ओडी ४७ आहे हे 2 आणि 04 वरून हिशोब करून निघत नाही, ते आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये ठरवून दिलेलं माप आहे आणि टेबलमध्येच बघायचं. फायदा असा की कुठल्याही कंपनीचं 6204 घ्या, माप तेच.

| नंबर | बोअर | ओडी | जाडी |
|---|---|---|---|
| 6004 | २० | ४२ | १२ |
| 6204 | २० | ४७ | १४ |
| 6304 | २० | ५२ | १५ |

(यापुढे 6404 पण आहे, २०×७२×१९, पण ते रोजच्या कामात क्वचितच लागतं.)

ओडी वाढला की आतल्या आणि बाहेरच्या रिंगमध्ये जागा वाढते, बॉल मोठे बसतात आणि लोड घ्यायची ताकद वाढते. एका नामांकित कॅटलॉगमधले डायनॅमिक लोडचे आकडे बघा, 6004 ला ९.४ किलोन्यूटन, 6204 ला १२.८ आणि 6304 ला १५.९. दुसऱ्या कंपनीत थोडा फरक पडेल पण क्रम हाच. आकडे बघून वाटतं फरक काय फार नाही, पण आयुष्याच्या हिशोबात या आकड्याला लोडने भागून त्याचा घन करतात, त्यामुळे छोटा फरक खूप मोठा होतो. समजा बेअरिंगवर १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा रेडियल लोड आहे आणि मोटर १४४० आरपीएमची आहे. 6004 चे ९.४ चा घन म्हणजे ८३० दशलक्ष फेरे, ताशी ८६,४०० फेरे धरले तर साधारण ९,६०० तास. 6204 ला हेच २४,००० तासांच्या वर जातं आणि 6304 ला ४६,००० च्या वर. म्हणजे ओडी फक्त ५ एमएमने वाढला आणि आयुष्य अडीच पट झालं. हा हिशोब स्वच्छ ग्रीस आणि सरळ फिटिंग धरून आहे, धुळीत किंवा पाण्यात बेअरिंग त्याच्या खूप आधी जातं आणि तिथे सिरीज वाढवून काही होत नाही, सील चांगलं लागतं.

म्हणून मग सरसकट 6304 घ्यावं का, तर नाही. एक तर हाउसिंगला ५२ चं बोअर करून वर पुरेशी भिंत उरली पाहिजे, पातळ पाईपमध्ये किंवा छोट्या कास्टिंगमध्ये ते जमतच नाही. दुसरं म्हणजे मोठ्या बॉलच्या बेअरिंगला किमान काहीतरी लोड लागतो, अगदीच हलक्या कामात बॉल गोल फिरण्याऐवजी घसरतात आणि रेसवर डाग पडतात. आणि स्पीडची मर्यादाही 6004 ची जास्त, 6304 ची कमी. माझं मत स्पष्ट सांगतो, नवीन काही बनवताय, बेल्ट आहे, मध्यम लोड आहे तर 6204 पासून सुरुवात करा, ते सगळीकडे मिळतं. जागा खरंच कमी आहे किंवा लोड नावापुरता आणि स्पीड जास्त आहे तर 6004. बेल्टची ओढ जास्त आहे, झटके बसतात आणि हाउसिंग जाड आहे तर 6304.

हे झालं शाफ्ट पक्का असताना. रिपेअरिंगमध्ये बरेचदा उलटं असतं, हाउसिंग पक्कं असतं आणि शाफ्ट बदलायचा असतो, आणि इथे सिरीज वाचता येण्याचा खरा फायदा कळतो. ४७ ओडीची तीन बेअरिंग शेजारी ठेवा:

6303 म्हणजे १७×४७×१४
6204 म्हणजे २०×४७×१४
6005 म्हणजे २५×४७×१२

6303 आणि 6204 चा ओडी आणि जाडी दोन्ही तंतोतंत सारखी आहे! आता समजा 6204 ची आतली रिंग शाफ्टवर फिरून शाफ्ट १९.७ पर्यंत खाल्लाय. एक रस्ता म्हणजे वेल्डिंगने भरून परत २० ला टर्न करणं, पण त्यात शाफ्ट वाकायची भीती असते. दुसरा रस्ता म्हणजे शाफ्टवरची बेअरिंग बसायची जागा, म्हणजे सीट, सरळ १७ ला उतरवायची आणि हाउसिंगला हात न लावता 6303 बसवायचं. बेअरिंग म्हणून यात तोटा काहीच नाही, उलट 6303 चा लोड १३.६ आहे म्हणजे 6204 पेक्षा जरा जास्तच.

तोटा आहे तो शाफ्टचा. वाकण्यातली ताकद व्यासाच्या घनाने बदलते, १७ भागिले २० चा घन ०.६१, म्हणजे त्या जागी शाफ्टची ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाली. म्हणून जिथे पुलीची ओढ आहे त्या टोकाला हे मी करणार नाही, मागच्या मोकळ्या टोकाला बिनधास्त करा. तसंही पुलीच्या बाजूला हे बहुतेक वेळा जमतच नाही कारण १७ बोअरचं बेअरिंग शाफ्टच्या टोकाकडून सरकवत आणायचं असतं आणि पुलीची जागा १९ ची असेल तर ते त्यावरून येणारच कसं. आणखी एक बघा, सीटच्या मागे आधीची २५ ची कॉलर शिल्लक असेल तर रिंग तिला नीट टेकते, पण मागे फक्त २० चाच शाफ्ट असेल तर बाजूला दीड एमएमचीच पायरी मिळते आणि त्यातला बराचसा भाग रिंगच्या कोपऱ्यातल्या गोलाईत जातो, मग तिथे मध्ये एक स्पेसर रिंग घालावी लागते.

उलट दिशेला 6005. नवीन शाफ्टच बनवताय आणि जुना वाकत होता तर २५ चा करा, वाकण्यातली ताकद जवळजवळ दुप्पट होते. पण बेअरिंगचा लोड १०.१ वर येतो म्हणजे त्याच लोडला आयुष्य 6204 च्या साधारण निम्मं, आणि जाडी २ एमएम कमी असल्याने हाउसिंगमध्ये बाहेरच्या रिंगला टेकेल असा २ एमएमचा स्पेसर लागतो, नाहीतर सर्क्लिप लावूनही बेअरिंग पुढे मागे सरकत राहतं. असेच जुळे ५२ ओडीत आहेत, 6205 म्हणजे २५×५२×१५ आणि 6304 म्हणजे २०×५२×१५.

आता पाच आकडी नंबर. खरं तर सिरीज दोन आकड्यांची असते, एक जाडीचा आणि एक ओडीचा, पण 6004, 6204, 6304 मध्ये जाडीचा आकडा लिहितच नाहीत. तो लिहिलेला दिसला की सावध व्हायचं. 62204 चा बोअर २० आणि ओडी ४७, अगदी 6204 सारखा, पण जाडी १४ ऐवजी १८. 63004 म्हणजे 6304 नव्हे, ते २०×४२×१६ आहे, म्हणजे 6004 चं जाड भावंड. आणि 16004 हे २०×४२×८, 6004 पेक्षा बारीक. समोरून बघितलं तर ही ओळखू येत नाहीत कारण शाफ्टवर पण बसतात आणि हाउसिंगमध्ये पण, गडबड कळते ती कव्हर लावताना, एक तर बोल्ट टाईट होऊनही कव्हर बसत नाही किंवा आत बेअरिंग हलतं. 61804 (२०×३२×७) आणि 61904 (२०×३७×९) ही पातळ सिरीज, काही कंपन्या यांनाच 6804 आणि 6904 लिहितात, दोन्ही एकच समजा.

नंबर घासून गेला असेल तर व्हर्नियरने तिन्ही मापं घ्या आणि उलटं या. १९.९८ असं काही आलं तर तो २० च आहे. जाडी मोजायला आळस करू नका, २० आणि ४७ एवढ्यावर 6204 म्हणालात आणि ते 62204 निघालं तर परत चक्कर. नंबर अर्धा दिसत असेल, फक्त 204 वाचता येत असेल, तरी तेवढ्यावर जाऊ नका. 1204, 7204 आणि NU204 या तिन्हींचं माप २०×४७×१४ च आहे पण आतली रचना पूर्ण वेगळी, 1204 मध्ये बॉलच्या दोन ओळी असतात आणि आतला भाग थोडा तिरका होऊ शकतो, NU204 मध्ये बॉल नाही तर रोलर असतात. UC204 चा बोअर २० आणि ओडी ४७ असला तरी ते प्लमर ब्लॉकचं, बाहेरून गोलसर आणि आतली रिंग ३१ एमएम लांब, ते सरळ हाउसिंगमध्ये बसत नाही.

नंबरच्या पुढे ZZ, 2RS, C3 वगैरे जे असतं त्याने ही तीन मापं बदलत नाहीत, ZZ म्हणजे दोन्ही बाजूला पत्रा, 2RS म्हणजे दोन्ही बाजूला रबर सील आणि C3 म्हणजे आतला खेळ नेहमीपेक्षा जास्त. पण जुन्यावर C3 असेल तर नवीन पण C3 च मागा, कारण चालू मोटरमध्ये आतली रिंग बाहेरच्यापेक्षा जास्त तापते आणि फुगते, आणि तो खेळ त्यासाठीच ठेवलेला असतो.