शहाळं की खोका, नारळ की पाकीट: लेबल वाचून ठरवा

आमच्या मामंजींना मधुमेह. उन्हाळ्यात ते रोज रंकाळ्यावरून फिरून येताना एक शहाळं पितात. गेल्या महिन्यात गुडघ्यामुळे फिरणं बंद झालं, म्हणून मी दुकानातून नारळपाण्याचे दोन खोके आणले. दोन्हीवर हिरव्या शहाळ्याचं चित्र. घरी येऊन मागची बाजू वाचली आणि एक खोका मी तसाच परत नेऊन दिला.

त्या खोक्यावर घटक असे होते: पाणी, नारळपाणी ४० टक्के, साखर, ३३०, २११. घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे इथे सगळ्यात जास्त होतं ते साधं पाणी. खाली १०० मिलीमागे एकूण साखर ९ ग्रॅम, त्यातली वरून घातलेली ७.८ ग्रॅम. वजाबाकी केली की १.२ ग्रॅम उरते. ताज्या शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलीला साधारण ३ ग्रॅम नैसर्गिक साखर असते, म्हणजे हा हिशोब ४० टक्क्यांशी बरोबर जुळतो. लेबलवर टक्केवारी दिलेली नसेल तेव्हाही हीच वजाबाकी करायची. उरलेला आकडा अडीच-तीनच्या आसपास असेल तर आत बहुतेक नारळपाणीच आहे, एकच्या आसपास असेल तर पाणी मिसळून वरून साखर घातलेली आहे. शिवाय आकडे १०० मिलीचे आणि खोका २०० मिलीचा, म्हणजे मामंजींच्या पोटात पंधरा ग्रॅमच्या वर साखर गेली असती, तीन चमचे तरी.

दुसऱ्या खोक्याचा घटक एकच होता: नारळपाणी. एकूण साखर ३.४, वरून घातलेली शून्य. तो ठेवला. पण ‘साखर घातलेली नाही’ म्हणजे साखरच नाही, असं समजू नका. चांगल्या भरलेल्या शहाळ्यात तीनशे मिली पाणी निघतं, म्हणजे त्यातही नऊ-दहा ग्रॅम साखर असते. मधुमेह्याने शहाळंसुद्धा हिशोबातच धरावं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळं काय आणि खोका काय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर.

आकड्यांमधला ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, त्याचं भय नाही. २११ आणि २०२ हे टिकवण्यासाठी असतात. २२३, २२४ म्हणजे सल्फाइट. दम्याच्या माणसाने ते टाळावं. नीट उष्णता देऊन बंद केलेल्या खोक्याला यातलं काहीच न घालता महिनोन्‌महिने टिकवता येतं, फक्त चव थोडी शिजल्यासारखी लागते. ताज्या पाण्याची ती गोडी खोक्यात येत नाही, हे मान्यच करावं लागतं.

नारळाच्या दुधात मात्र साखर हा प्रश्न फारसा नाही, तिथे स्निग्धांश बघायचा. रविवारी आमच्याकडे पांढरा रस्सा असतो आणि जाऊबाई दर वेळी विचारतात, एक नारळ की एक पाकीट? मध्यम नारळाचा चव साधारण २०० ग्रॅम निघतो, त्यात ६५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश. कोमट पाणी घालून वाटून हाताने पिळलं तर अर्ध्याच्या आसपास दुधात येतो, बाकी चोथ्यात राहतो. म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम. १०० मिलीला १७ ग्रॅम स्निग्धांश लिहिलेलं २०० मिलीचं पाकीट म्हणजे ३४ ग्रॅम. तेव्हा एक पाकीट बरोबर एक नारळ, फक्त ते घट्ट असतं, वाटीभर पाणी घालून सैल करायचं. ‘लाइट’ लिहिलेल्या पाकिटात १०० मिलीला सहा-सातच ग्रॅम असतात. त्याने रस्सा पाणचट होतो, आणि तसं दूध घरीही फुकट मिळतं: चोथ्याला दुसरं पाणी घालून पिळा.

स्निग्धांश मात्र दोन्हीकडे सारखाच, दहातले नऊ भाग संपृक्त. ताजा आहे म्हणून तो हृदयाला हलका होत नाही.

पाकिटात ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा गोंद आणि ४३५ हे पायसीकारक असतं. त्यांच्यामुळे साय वेगळी होत नाही आणि रस्सा उकळला तरी दूध फुटत नाही. घरचं दूध शेवटी घालून एक वाफ आली की गॅस बंद करावा लागतो. माझं मत विचाराल तर ताज्या दुधाच्या वासापुढे मी ही काळजी आनंदाने घेईन. पाहुणे पंचवीस असतील तेव्हा पाकीट आणते. नारळाच्या दुधाची पावडर घेताना एक बघा: तिच्यात बरेचदा माल्टोडेक्स्ट्रिन आणि दुधातलं केसिन असतं. ज्यांना गाई-म्हशीचं दूध चालत नाही त्यांना ती चालणार नाही.

फोडलेलं पाकीट स्टीलच्या डब्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस राहतं. घरचं दूध सकाळी काढलं तर त्याच दिवशी संपवते, कारण इथल्या मे महिन्यात ते बाहेर राहिलं की दुपारपर्यंत आंबूस वास मारायला लागतं.