मास्टरमाइंड, फरशीवरचा रोबोट की सांकेतिक चिठ्ठी: पोट्ट्यांना आधी काय द्यायचं?

आमच्या नणंदबाईंचा परवा फोन आला, वहिनी कोडिंगचा क्लास लावू का, पोरगी सहा वर्षांची आहे आणि पोरगा नऊचा. मी म्हटलं थांबा जरा, विदर्भातल्या शाळा तशाही जूनच्या शेवटीच उघडतात, तोवर कॉम्प्युटर न लावता बरंच काही होते. त्यावर त्या म्हणे मग नेमकं काय घेऊ ते सांग, दहा गोष्टी नको सांगू. तर त्यांच्यासाठी आणि अशाच अडकलेल्या बाकीच्यांसाठी हे लिहून राहिले. तीन खेळ, तिन्ही आमच्या घरी दोन उन्हाळे चालले आहेत, आणि तिघांत फरक फक्त वयाचा नाही. खरा फरक आहे की पोराने चूक केली तर ती चूक दिसते कुठं आणि कोणाला.

फरशीवरचा रोबोट

याला सामान म्हणजे जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं. तीनच प्रकारची: पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. हॉलमधली एक फरशी म्हणजे एक घर. एक पोट्टा रोबोट होतो, दुसरा कार्डं ओळीने मांडून त्याला इथून तिथं नेतो. बाजारात याच धर्तीचा रोबोट टर्टल्स नावाचा बोर्डगेम आहे, डॅन शपिरोने २०१३ मधे किकस्टार्टर नावाच्या वेबसाइटवर लोकांकडून पैसे जमवून काढलेला, चार वर्षांच्या पोरांपासून चालतो. चांगला आहे, पण फरशी फुकट आहे आणि दुपारी कूलरसमोर बसायचंच असते.

आता गंमत बघा. आमची छकुली दिवाणाजवळ बसली, तिचा भाऊ दाराकडून तिच्याकडे तोंड करून उभा. कूलर होता तिच्या डाव्या हाताला. तिने मांडलं: पुढे, पुढे, डावीकडे वळ, पुढे. भाऊ दोन फरश्या आला, वळला आणि सरळ टीपॉयकडे निघाला, कूलरच्या बरोब्बर उलट. लगेच रडारड, दादा चीटिंग करून राहिला म्हणून. चीटिंग नव्हती, डावीकडे म्हणजे रोबोटची डावी, तिची नाही. रोबोट आपल्या दिशेने येत असला की डावं उजवं उलटं होते, आणि ही चूक प्रत्येक पोर करते, मोठे पण करतात. ओळखायची खूण सोपी आहे, रोबोट थोडा इकडेतिकडे न जाता अगदी आरशात दिसावं तसा उलट गेला की हेच झालेलं असते. मी भावाच्या डाव्या मनगटाला लाल रिबीन बांधली आणि छकुलीला त्याच्या मागे बसवलं, दोन दिवसांनी रिबीन सोडून टाकली.

दुसरी चूक म्हणजे 'डावीकडे वळ' हे कार्ड टाकलं की रोबोट वळून एक घर सरकेल असं पोरं धरून चालतात. नाही, तो जागच्या जागी फक्त तोंड फिरवतो. हे कार्डांना पेन्सिलने नंबर टाकले की लवकर कळते, कारण मग "तिसऱ्या कार्डावर गडबड झाली" असं बोट ठेवून सांगता येते. आमचा नियम असा की एका वेळी एकच कार्ड बदलायचं, रोबोटने पहिल्या फरशीवर परत जायचं आणि पुन्हा पहिल्या कार्डापासून चालायचं. तीन कार्डं एकदम बदलली तर सुधारलं कशाने ते कोणालाच कळत नाही.

हे जमलं की रबरबँड आणा. 'पुढे, पुढे, डावीकडे वळ' ही तीन कार्डं रबरबँडमधे बांधायची आणि वर चिठ्ठी लावायची, ४ वेळा. रोबोट चौकोन फिरून त्याच फरशीवर त्याच तोंडाने परत येतो, पोरं खूष. मग मुद्दाम रबरबँड फक्त शेवटच्या कार्डाला लावून बघा: पुढे, पुढे, आणि मग ४ वेळा डावीकडे. भाऊसाहेब दोन फरश्या जाऊन जागेवर भोवऱ्यासारखे फिरले आणि थांबले. तीच कार्डं आणि तोच चार, फक्त बांधलं काय ते बदललं. पुढे जाऊन कोडिंगमधे जे लूप शिकतील, म्हणजे तेच हुकूम पुन्हापुन्हा, ते हेच आहे.

या खेळाचं सगळ्यात भारी म्हणजे चूक सगळ्या घराला दिसते. पंच लागत नाही, वाद झाला तर कार्डं पुन्हा चालवून बघायची.

मास्टरमाइंड

हा मॉर्डेकाय मायरोविट्झ नावाच्या माणसाने १९७० मधे तयार केला, इन्व्हिक्टा नावाच्या इंग्लंडातल्या प्लास्टिक कंपनीने बाजारात आणला. एकाने रंगांचा कोड लपवून धरायचा, दुसऱ्याने अंदाज लावत तो शोधायचा. सहा रंग, चार जागा, रंग रिपीट चालतो, म्हणजे एकूण १२९६ कोड. डोनाल्ड क्नूथ या कॉम्प्युटरवाल्या प्रोफेसरांनी १९७७ मधे दाखवलं की नीट खेळलं तर जास्तीत जास्त पाच अंदाजांत कुठलाही कोड सापडतोच. पण हे आकडे पोरांसमोर नका ठेवू, १२९६ ने सुरुवात केली तर नऊ वर्षांचा पोट्टा पण अंदाजपंचेच खेळते आणि तिसऱ्या दिवशी डबा पलंगाखाली जाते.

कागदावर लहान करून सुरू करा. १ ते ५ आकडे, तीन जागा, रिपीट नाही. शक्यता फक्त ६०. आकडा बरोबर आणि जागा पण बरोबर असेल तर 'पक्का', आकडा आहे पण जागा चुकली तर 'कच्चा'. कोणता आकडा पक्का ते सांगायचं नाही, फक्त किती ते सांगायचं.

आमच्याकडचा एक डाव सांगते. मी मनात ४१५ धरला. भाच्याने पहिलं लिहिलं १२३, मी म्हटलं पक्का शून्य, कच्चा एक. तो म्हणाला हॅ, काहीच नाही कळलं. बरंच कळलं होतं बावा! १, २, ३ पैकी एकच आत आहे, जागा आहेत तीन, म्हणजे उरलेले ४ आणि ५ दोन्ही आत असलेच पाहिजे. एका ओळीत ६० वरून १२ वर आलो. हे त्याला दाखवल्यावर डोळे असे मोठे झाले. मग त्याने लिहिलं ४५१, उत्तर आलं पक्का एक, कच्चे दोन. म्हणजे आकडे तर १, ४, ५ हेच, फक्त जागा हलवायच्या. त्याने घाईने लिहिलं १५४.

इथंच थांबवा. १५४ दुसऱ्या ओळीला बरोबर बसते, ५ पक्का, बाकी दोन कच्चे. पण पहिल्या ओळीला बसत नाही, कोड १५४ असता तर १२३ ला १ पक्का आला असता आणि मी तर पक्का शून्य म्हटलं होतं. या खेळातली हीच ती खास चूक, पोरं फक्त शेवटचं उत्तर बघतात, आधीचं विसरतात. त्याला म्हटलं लिहायच्या आधी पुटपुट, "समजा कोड हाच असता, तर वरच्या प्रत्येक ओळीला काय उत्तर आलं असतं?" मग त्याने नीट बसून काढलं, दोनच उरतात, ४१५ किंवा ५४१. पहिल्याच फटक्यात ४१५ लिहिलं, तो नशिबाचा भाग.

पण या खेळात एक मोठी अडचण आहे आणि डब्यावर ती कोणी लिहित नाही. कोड धरणाऱ्याने उत्तर चुकीचं दिलं तर शोधणाऱ्याला तेव्हाच कळायला काही मार्ग नाही. तो बिचारा खोट्या उत्तरावर पाच ओळी विचार करते, शेवटी एकही कोड बसत नाही आणि त्याला वाटते आपल्यालाच जमत नाही. रिपीट चालू केलं की हे हमखास होते. समजा कोड ११२३ आणि समोरच्याने लिहिलं ४१११. छोटी पोरं म्हणतात एक पक्का, दोन कच्चे. खरं उत्तर एक पक्का, एक कच्चा, कारण कोडात १ दोनच आहेत, एक पक्क्यात खर्च झाला, मग कच्च्यासाठी एकच उरला. उत्तर मोजायची पद्धत ही ठेवा: आधी पक्क्या जोड्या दोन्हीकडून खोडायच्या, मग जे उरलं त्यात एकास एक जोडी लावायची. आणि पहिले आठ-दहा डाव कोड मोठ्या माणसानेच धरायचा, भावंडांवर सोडायचं नाही. डाव संपल्यावर कोड उघडा करून प्रत्येक ओळ पुन्हा तपासायची, उत्तर देणाऱ्याची पण परीक्षा होते.

यात प्रोग्राम नाहीच, क्रमाने हुकूम देणं नाही. आहे ते सगळं 'असं असतं तर काय झालं असतं', म्हणजे बिघाड शोधायचं काम. म्हणून कोडिंग शिकवते म्हणून हाच एक डबा घेऊन आले तर अर्धवट राहील.

सांकेतिक चिठ्ठी

हे थोडक्यात. वर्णमालेत प्रत्येक व्यंजन एक घर पुढे, मात्रा तशीच, स्वर तसेच, ळ नंतर परत क. नागपूर होते पाघफूल. संत्रा होते हंथ्ला, जोडाक्षर फोडून करावं लागते आणि पोरांना तेच भारी आवडते. सगळं कुटुंब दोन दिवस पाघफूलमधे राहते. पण फुटते पण लवकर, कारण मराठी चिठ्ठीत 'आहे' असतेच आणि ते होते 'आळे', ते दिसलं की ह चा ळ झाला, म्हणजे एक घर, कुलूप उघडलं. ते फोडणं एकदा करून घ्या, मजा येते. आठवडाभराच्या वर मात्र नाही टिकत.

मग घ्यायचं काय

सहाच्या पोरीला बिनधास्त फरशी. नऊच्या पोराला पण आधी चार दिवस फरशीच, रबरबँडपर्यंत पोचू द्या, मग कागदावरचं पक्का-कच्चा. ६० वाला खेळ तो चार ओळींत काढायला लागला की मगच चार जागा करा आणि रिपीट सगळ्यात शेवटी. तयार डबा त्याच्यानंतर घ्या, नाहीतर बर्डीच्या बाजारातून सहा रंगांची बटणं आणा आणि अंड्याच्या ट्रेमधे खेळा, आम्ही तेच केलं. दोघं भावंडं एकत्र खेळणार असतील तर फरशीच, मास्टरमाइंडमधे छोटीने उत्तर चुकवलं की मोठा तिच्यावर ओरडते.

आणि हो, आजीला रोबोट नका करू. आमच्या सासूबाईंना केलं होतं. कार्डावर पुढे लिहिलं आहे, समोर खुर्ची आहे, तर बाई खुर्चीला वळसा घालून कूलरपाशी जाऊन उभ्या. काहून म्हणून विचारलं तर म्हणे, अगं तिला तिथंच न्यायचं होतं ना मला.